युनिटचे मेगाज्यूल करताना : ३.६ कुठून येते आणि घरची बेरीज बिलाशी का जुळत नाही

प्रश्न : सर, मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते आणि नववीत शिकते. विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या घरी महिन्याला किती वीज लागते ते मेगाज्यूलमध्ये दाखवायचे आहे. बिलावर युनिट असते आणि मीटरवर kWh दिसते. त्याला ३.६ ने गुणायचे की भागायचे? हे ३.६ येते तरी कुठून? बाबांनी प्रत्येक उपकरणाचे वॅट आणि तास धरून बेरीज केली, तर ती बिलाच्या जवळपास दुप्पट आली. नेमके चुकले कुठे?

उत्तर :

गुणायचे. बिलावरचे एक युनिट म्हणजेच मीटरवरचा एक किलोवॅट-तास, आणि एक किलोवॅट-तास म्हणजे बरोबर ३.६ मेगाज्यूल. हा आकडा प्रयोगातून मिळालेला नाही, तो व्याख्येतूनच येतो, त्यामुळे त्यात कमी-अधिक काही नसते. वॅट म्हणजे दर सेकंदाला एक ज्यूल. एक किलोवॅटची इस्त्री किंवा पाणी तापवायचा रॉड सेकंदाला १,००० ज्यूल ऊर्जा घेतो. तासाचे सेकंद ३,६००. म्हणून तासाभरात १,००० गुणिले ३,६००, म्हणजे ३६,००,००० ज्यूल खर्च होतात. दहा लाख ज्यूलचा एक मेगाज्यूल धरला की छत्तीस लाख ज्यूलचे ३.६ मेगाज्यूल झाले.

```
1 kWh = 1000 W × 3600 s = 3600000 J = 3.6 MJ
```

गुणायचे की भागायचे हा गोंधळ नववीतल्या बहुतेक मुलांचा होतो आणि त्याला सबळ कारण आहे. गतीच्या धड्यात ताशी किलोमीटरचे मीटर प्रति सेकंद करताना तुम्ही ३.६ ने भागता, आणि तोच आकडा इथे समोर आला की हात आपोआप भागाकाराकडे वळतो. दोन्ही ठिकाणी ३.६ हा आकडा ३,६०० आणि १,००० यांच्या भागाकारातूनच येतो, पण तास बसतो वेगळ्या जागी. वेगामध्ये आपण अंतराला तासाने भागलेले असते, म्हणून ३,६०० छेदात जातात. किलोवॅट-तासामध्ये आपण शक्तीला तासाने गुणलेले असते, म्हणून ३,६०० अंशात राहतात. परीक्षेच्या घाईत हे आठवले नाही तर मापांचा आकार पाहावा : मेगाज्यूल हे किलोवॅट-तासापेक्षा लहान माप आहे, आणि लहान मापाने मोजले की संख्या मोठी येते. उत्तर युनिटच्या आकड्यापेक्षा लहान आले असेल, तर भागाकार झाला आहे असे समजावे. लिहिताना चिन्हाचीही काळजी घ्यावी. MJ मधला M मोठाच हवा, कारण लहान m म्हणजे मिली, आणि त्या एका अक्षराने उत्तर शंभर कोटी पटींनी लहान होते. तक्त्यावरची ही चूक परीक्षकांच्या नजरेतून सहसा सुटत नाही.

रूपांतर इथेच संपते. तुझ्या प्रकल्पाचे खरे काम मात्र ३.६ ने कोणत्या आकड्याला गुणायचे ते ठरवण्यात आहे. मीटर तपासणीच्या कामात अनेक वर्षे गेल्यानंतर मी आता शाळांच्या प्रकल्पांना मदत करतो. गुणाकार चुकलेले प्रकल्प मला क्वचितच दिसतात, पण गुणाकारात घातलेला आकडाच चुकीचा असल्याचे वारंवार आढळते.

पहिली अडचण मीटरच्या पडद्यावरच असते. आजकालच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर काही सेकंदांनी आकडे बदलत राहतात : कधी kWh, कधी kW, कधी व्होल्ट, कधी अँपिअर, आणि काही मीटरवर kVAh सुद्धा. यांपैकी तुला फक्त kWh हवा. kW ही त्या घरात नोंदली गेलेली शक्ती आहे, ऊर्जा नाही. तिला ३.६ ने गुणून काहीच अर्थपूर्ण मिळत नाही. kVAh चा आकडा kWh च्या अगदी जवळचा असतो, त्यामुळे त्याने फसगत जास्त होते, मात्र तो kWh पेक्षा कधीच कमी नसतो. रीडिंग हाताने उतरवण्यापेक्षा पडद्यावर kWh ही अक्षरे आणि आकडा एकत्र दिसत असताना मोबाइलने फोटो काढून ठेवावा. पुढे शंका आली तर तो फोटो पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

दुसरी अडचण बिलाची. बिलावर चालू रीडिंग, मागील रीडिंग आणि त्यांचा फरक छापलेला असतो, पण रीडिंग घेणारा माणूस दर महिन्याच्या एकाच तारखेला येईल असे नसते. बिलातले दिवस कधी २८ भरतात, कधी ३३. शिवाय घर बंद असल्यामुळे किंवा अन्य कारणाने रीडिंग घेता आले नसेल, तर सरासरीने बिल येते, आणि त्यातील युनिट त्या महिन्यात प्रत्यक्ष वापरलेले नसतात. म्हणून बिल फक्त पडताळणीसाठी ठेवावे आणि प्रकल्पाचा आकडा स्वतः घेतलेल्या दोन रीडिंगांवरून काढावा. ही दोन्ही रीडिंगे दिवसाच्या एकाच वेळी घेतलेली असावीत.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेतो, कारण तुझ्या बाबांच्या बेरजेचे उत्तर त्यातच मिळते. समुद्रपूर तालुक्यातील एका कास्तकाराच्या घरी तिथल्या विद्यार्थ्यांकडून आम्ही हीच मोजणी करून घेतली होती. घर साधे : एक कूलर, दोन पंखे, चार एलईडी दिवे, दूरदर्शन संच, लहान फ्रीज आणि टाकीत पाणी चढवण्याची अर्ध्या अश्वशक्तीची मोटार. शेतातल्या विहिरीवरच्या पंपाचे कनेक्शन वेगळे होते. ते घराच्या मीटरवर येत नाही, त्यामुळे हिशेबात धरले नाही. १ मे रोजी सकाळी ७ वाजता मीटरवर ४१८६.३ होते आणि ३१ मे रोजी सकाळी ७ वाजता ४३२२.७ होते. फरक १३६.४ किलोवॅट-तास, आणि कालावधी बरोबर ३० दिवस.

```
136.4 kWh × 3.6 = 491.04 MJ
```

म्हणजे त्या घरात मे महिन्याच्या ३० दिवसांत सुमारे ४९१ मेगाज्यूल वीज वापरली गेली, दिवसाला साधारण १६.४ मेगाज्यूल. हा आकडा उलट दिशेनेही तपासता येतो. ३० दिवसांचे २५,९२,००० सेकंद होतात. ४९१ मेगाज्यूलला त्यांनी भागले की सरासरी शक्ती १८९ वॅट येते. दोन पंखे, फ्रीज आणि रात्रभर कूलर चालणाऱ्या घराची दिवस-रात्र मिळून सरासरी १८९ वॅट असणे अगदी पटण्यासारखे आहे. हीच सरासरी ५ वॅट किंवा ५,००० वॅट आली असती, तर कुठेतरी दशांश चिन्ह सरकले आहे हे लगेच कळले असते.

त्या घरीही आधी वडिलांनी बेरीज केली होती. उपकरणांवरच्या पट्ट्या वाचून त्यांनी कूलर १८० वॅट आणि १४ तास धरला, दोन पंखे प्रत्येकी ७५ वॅट आणि १२ तास, चार दिवे प्रत्येकी ९ वॅट आणि ५ तास, दूरदर्शन ६० वॅट आणि ४ तास, फ्रीज १५० वॅट आणि २४ तास, आणि मोटार अर्ध्या अश्वशक्तीची म्हणून ३७३ वॅट आणि पाऊण तास. दिवसाची बेरीज ८.६२ युनिट झाली, तीस दिवसांची जवळपास २५९. मीटर सांगत होते १३६.४. घरातल्यांना वाटले की मीटर मंद फिरते आहे. मीटर ठीक होते, बेरजेतील वॅट आणि तास हे दोन्ही आकडे खरे नव्हते.

ते कसे शोधले, हे मी सावकाश सांगतो, कारण तुझ्या प्रकल्पाचा सर्वांत चांगला भाग तोच होऊ शकतो. प्रत्येक इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो, आणि पट्टीवर 3200 imp/kWh असे काहीतरी छापलेले असते. त्याचा अर्थ असा की एक किलोवॅट-तास वापरला जाईपर्यंत तो दिवा ३,२०० वेळा लुकलुकतो. काही मीटरवर हा आकडा १,६०० किंवा ६,४०० असतो, म्हणून तुझ्या मीटरवरचा वाचून घ्यावा. ३,२०० असेल तर एका लुकलुकीची ऊर्जा ३६,००,००० भागिले ३,२००, म्हणजे नेमकी १,१२५ ज्यूल. त्यामुळे प्रत्येक लुकलुकीत सव्वा अकराशे ज्यूल ऊर्जा घरात येताना आपल्या डोळ्यांना दिसते. एखाद्या उपकरणाने घेतलेली शक्ती काढायची, तर लुकलुकींची संख्या गुणिले १,१२५, भागिले त्यांना लागलेले सेकंद.

```
P = N × 1125 ÷ t
```

चाचणीची रीत अशी. मोठ्या माणसाला सोबत घ्यावे. घरातील सर्व उपकरणे बटणाने बंद करावीत आणि फ्रीज, सेट-टॉप बॉक्स, मोबाइलचे चार्जर यांचे प्लग काढावेत, कारण नुसते बटण दाबून यांतले काही पूर्ण बंद होत नाहीत. मग पाच मिनिटे मीटरकडे पाहत थांबावे. एवढ्या वेळात एकही लुकलुक झाली नाही, तर घरात चार वॅटपेक्षाही कमी वीज जाते आहे आणि चाचणी सुरू करायला हरकत नाही. काही मीटरमध्ये भार नसताना दिवा स्थिर जळत राहतो. तो वापर मानू नये, विझून पेटतो तेव्हाच एक धरावा. लुकलुक होतच असेल, तर काहीतरी चालू राहिले आहे. ते सापडेपर्यंत पुढे जाऊ नये, आणि सर्व काही बंद असूनही ती थांबत नसेल तर वायरमनकडून घराचे वायरिंग तपासून घ्यावे. मीटरला, त्याच्या सीलला किंवा तारांना हात लावण्याची कुठेही गरज पडत नाही, आणि लावूही नये.

आता एकच उपकरण चालू करावे आणि ते दोन मिनिटे स्थिर होऊ द्यावे. दिवा लुकलुकला की स्टॉपवॉच सुरू करावे आणि त्या लुकलुकीला ‘शून्य’ म्हणावे. हे ‘शून्य’ फार महत्त्वाचे आहे. जवळपास प्रत्येक मूल पहिल्या लुकलुकीला ‘एक’ म्हणते आणि दहाव्या मोजणीला घड्याळ थांबवते. तेव्हा प्रत्यक्षात दहाऐवजी नऊच अंतरे झालेली असतात, आणि शक्ती अकरा टक्क्यांनी जास्त निघते. त्या घरचा कूलर पंप सुरू ठेवून तपासला, तेव्हा दहा लुकलुकींना ८६ सेकंद लागले. १०×१,१२५ म्हणजे ११,२५०, भागिले ८६, म्हणजे १३१ वॅट. पट्टीवर १८० वॅट होते. त्या वेळी मीटरच्या पडद्यावर व्होल्टेज १९६ दिसत होते. पट्टीवरचा आकडा पूर्ण वेगावर आणि साधारण २३० व्होल्टला धरलेला असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात गावभर कूलर चालू झाले की लाइनच्या टोकावरच्या घरांना एवढे व्होल्टेज मिळत नाही, आणि कमी व्होल्टेजवर मोटार कमी शक्ती घेते. दोन्ही पंखे नेहमीच्या वेगावर एकत्र तपासले, तर दहा लुकलुकींना १०२ सेकंद लागले, म्हणजे दोघांचे मिळून ११० वॅट. पट्टीप्रमाणे ते १५० असायला हवे होते.

कमी व्होल्टेजचा हा परिणाम सगळ्या उपकरणांना सारखा लावता येत नाही. तापणाऱ्या तारेच्या उपकरणात, म्हणजे इस्त्रीत किंवा रॉडमध्ये, शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १९६ व्होल्टला एक हजार वॅटचा रॉड सव्वासातशे वॅटच्या आसपासच घेतो. पण तेवढेच पाणी तेवढेच गरम करायचे तर तो जास्त वेळ चालवावा लागतो, आणि शेवटी मेगाज्यूल कमी लागत नाहीत, उलट पाणी तापेपर्यंत थोडी उष्णता बाहेर निसटल्यामुळे किंचित जास्तच लागतात. पंखा आणि कूलर मात्र आपण घड्याळाच्या वेळेप्रमाणे चालवतो, त्यामुळे त्यांच्या बाबतीत शक्ती घटली की ऊर्जाही घटते. चांगल्या एलईडी दिव्याच्या आत शक्ती सांभाळणारे सर्किट असते, म्हणून त्यावर व्होल्टेजचा फारसा परिणाम होत नाही. एकच नऊ वॅटचा दिवा लावून पाहिला, तर मीटर दोन मिनिटांच्या आसपास एकदा लुकलुकते. प्रदर्शनात पाहुण्यांना दाखवायला हा सोपा प्रयोग आहे.

फ्रीजची गोष्ट वेगळी आहे, आणि बाबांच्या बेरजेतली सर्वांत मोठी चूक बहुधा तिथेच सापडेल. फ्रीजचा प्लग चोवीस तास लावलेला असतो, पण त्याचा कॉम्प्रेसर थांबून-थांबून चालतो. त्या घरी कॉम्प्रेसर चालू असताना दहा लुकलुकींना ९४ सेकंद लागले, म्हणजे शक्ती १२० वॅट. मग एका विद्यार्थ्याने तीन तास बाजूला बसून त्याच्या घरघरीची वेळ नोंदवली, तर १८० मिनिटांपैकी कॉम्प्रेसर ६३ मिनिटे चालला, म्हणजे ३५ टक्के. चोवीस तासांचे ३५ टक्के म्हणजे ८.४ तास. वडिलांनी ३.६ युनिट धरलेला फ्रीज प्रत्यक्षात दिवसाला १ युनिटच्या आसपास वापरत होता. (इथे ३.६ हा आकडा योगायोगाने आला आहे, त्याचा रूपांतराशी संबंध नाही. तक्त्यावर तो असा आला तर त्यापुढे ‘युनिट’ हा शब्द अवश्य लिहावा.) भर दुपारी हे प्रमाण जास्त आणि पहाटे कमी असते, त्यामुळे तीन तासांची नोंद एकदा दुपारी आणि एकदा रात्री घेऊन सरासरी काढली तर आकडा आणखी विश्वसनीय होतो.

मोटारीत चूक उलट दिशेने होती. मोटारीच्या पट्टीवरची अश्वशक्ती ही तिच्या दांड्यावर मिळणारी यांत्रिक शक्ती असते, मीटरमधून घेतलेली विद्युतशक्ती नसते. अर्धी अश्वशक्ती म्हणजे ३७३ वॅट हे खरे, पण लहान मोटारीत बरीच वीज तापण्यात आणि घर्षणात जाते. त्या मोटारीने दहा लुकलुकी २१ सेकंदांत घेतल्या, म्हणजे ५३६ वॅट. वडिलांच्या आकड्याच्या जवळपास दीडपट. ती पाऊण तासच चालत असल्याने एकूण बेरजेवर परिणाम थोडा झाला, पण घरात मोठी मोटार असेल तर ही चूक चांगलीच जाणवते.

राहिले तास. कूलर रात्रभर ‘चालू’ असतो असे आपण म्हणतो, तेव्हा मध्ये गेलेली लाइट आपण मोजत नाही. त्या घरी आठवडाभर वीज गेल्या-आल्याची वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली, तेव्हा कूलरचे १४ तास १२.५ वर आले आणि पंख्यांचे १२ तास ११ वर. आता नवी बेरीज अशी झाली : कूलर १.६४, पंखे १.२१, फ्रीज १.०१, मोटार ०.४०, दूरदर्शन ०.२४ आणि दिवे ०.१८, दिवसाला एकूण ४.६८ युनिट. तीस दिवसांचे १४०.४ युनिट, म्हणजे ५०५ मेगाज्यूल. मीटरने दाखवलेले होते ४९१. फरक तीन टक्क्यांच्या आत आला. तो पूर्ण शून्य व्हावा यासाठी तास इकडचे तिकडे करू नयेत. दूरदर्शन रोज बरोबर चार तासच चालला असेल असे कोणी म्हणणार नाही, आणि एवढा फरक राहिला हे प्रामाणिकपणे लिहिले, तर त्या नोंदीवर परीक्षकांचा विश्वास बसतो. तुमच्या घरी इन्व्हर्टर असेल तर मात्र एक ओळ जास्त लागेल. लाइट गेल्यावर पंखा बॅटरीवर चालतो तेव्हा मीटर काही मोजत नाही, पण नंतर बॅटरी भरताना त्या पंख्याने वापरली त्यापेक्षा जास्त ऊर्जा मीटरमधून जाते, कारण भरण्यात आणि परत काढण्यात काही भाग उष्णता होऊन जातो.

उत्तर किती अंकांपर्यंत लिहायचे, हेही सांगायला हवे. कॅल्क्युलेटर ४९१.०४ दाखवतो, पण त्या .०४ ला काही आधार नाही. ३.६ हा आकडा पूर्ण अचूक आहे, म्हणून अनिश्चितता सगळी मीटरकडून येते. घरगुती मीटरच्या पट्टीवर बहुधा Class 1.0 असे लिहिलेले असते, म्हणजे नेहमीच्या भाराला त्याची चूक एक टक्क्यापर्यंत मान्य असते. ४९१ चा एक टक्का म्हणजे सुमारे ५ मेगाज्यूल. म्हणून ‘४९१ मेगाज्यूल, कमी-अधिक ५’ असे लिहावे. तसेच मेच्या आकड्याला बाराने गुणून वर्षाचा वापर म्हणून लिहू नये. आपल्याकडे कूलरचा हंगाम तीन-चार महिन्यांचा असतो, आणि दिवाळीनंतरच्या महिन्यात त्याच घराचा आकडा बराच खाली येतो. वर्षाचा आकडा हवाच असेल तर बारा बिलांवरची रीडिंगे जमवावीत.

शेवटी, मेगाज्यूलच का, असा प्रश्न प्रदर्शनात हमखास विचारला जातो. युनिटमध्ये फक्त वीज मोजतात. गॅस किलोग्रॅममध्ये येतो, आणि सरपण व पऱ्हाट्या मोळीने. हे सर्व एका तक्त्यात मांडायचे तर सामाईक माप लागते. एक किलो एलपीजी जळाल्यावर साधारण ४६ मेगाज्यूल उष्णता मिळते, म्हणून १४.२ किलोच्या एका सिलिंडरमध्ये सुमारे ६५० मेगाज्यूल असतात. वर सांगितलेल्या घराने मेच्या ३० दिवसांत वापरलेल्या सगळ्या विजेपेक्षा ही ऊर्जा जास्त आहे. वाळलेल्या सरपणातून किलोला साधारण १५ मेगाज्यूल मिळतात, पण ते ओलसर असेल तर आकडा बराच घसरतो. म्हणून सरपण तोलण्यापूर्वी ते किती दिवस उन्हात वाळवले आहे, हेही नोंदवावे.

अशी तुलना मांडताना प्रत्येक आकड्यासमोर तो कुठे मोजला हे लिहिणे मला अत्यंत आवश्यक वाटते. गॅसचे ६५० मेगाज्यूल हे जळताना निघणाऱ्या उष्णतेचे आहेत. त्यांतले भांड्यापर्यंत साधारण दोन तृतीयांशच पोहोचतात आणि बाकीची उष्णता शेगडीच्या बाजूने हवेत जाते. विजेचे ४९१ मेगाज्यूल हे घराच्या मीटरपाशी मोजलेले आहेत. कोराडी किंवा चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच विजेत बदलतो आणि पुढे तारांमध्येही थोडी वीज जाते. म्हणून कोळशापर्यंत मागे गेले, तर त्या घराच्या ४९१ मेगाज्यूलमागे जवळपास दीड हजार मेगाज्यूलचा कोळसा जळालेला असतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते एकाच रकान्यात ठेवू नयेत. तक्त्यात ‘मीटरपाशी मोजलेली ऊर्जा’ आणि ‘इंधनातील ऊर्जा’ असे दोन वेगळे रकाने करावेत. विजेचा मोजलेला आकडा पहिल्या रकान्यात जाईल, आणि सिलिंडर, सरपण व कोळसा दुसऱ्यात.